‘सगळ्यांनाच वाटतं तू चुकतेयस’: हे सगळे म्हणजे नक्की कोण?

प्रश्न: आई गेल्या वर्षी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. ती कोल्हापूरला दादाकडे असते, मी डोंबिवलीत. २४ तासांच्या बाईसाठी मी दरमहा १२ हजार पाठवते. जूनमध्ये दादाने १८ मागितले. मी म्हटलं, ब्युरोचं बिल पाठव, एकूण किती होतं ते कळू दे. तेव्हापासून मेसेज असे येतात: ‘मामा, काकू, सगळ्यांनाच वाटतं तू चुकतेयस. मी एकटाच नाही म्हणत.’ आणि परवा: ‘आता मामांना फोन करून विचारत बसू नकोस, त्यांना आधीच बीपीचा त्रास आहे.’ मामा माझ्याशी असं कधीच बोललेले नाहीत. पण इतके जण म्हणतात म्हणजे माझंच चुकतंय का?

उत्तर: आधी एक बारीकसं काम करा. दादाबरोबरचं चॅट उघडा आणि शोधायच्या जागी ‘सगळे’ टाका. मग ‘सगळ्यांना’. मग sagle, sagale, saglyanna, कारण आपण निम्मं मराठी रोमनमध्येच बडवतो आणि स्पेलिंग जुळलं नाही तर मेसेज सापडत नाही. मग ‘मामा’, मग ‘काकू’. सापडलेल्या प्रत्येक मेसेजची तारीख वहीत लिहा आणि तिच्यासमोर त्याच्या लगेच वर तुमचा कोणता मेसेज आहे तो लिहा. अर्धा तास लागेल. माझा अंदाज असा की जूनच्या आधी मामा फक्त ‘मामा आले होते, आंबे देऊन गेले’ एवढ्यापुरतेच असतील, आणि जूननंतर तुम्ही आकडा विचारलात की पुढच्याच मेसेजात मामा हजर होत असतील.

अंदाज खरा निघाला तर तीच पहिली खूण. घरातल्या माणसांची मतं एरवीही आपल्यापर्यंत पोचतात, पण ती जेव्हाची तेव्हा, विखुरलेली येतात: काल काकू आल्या होत्या, असं असं म्हणत होत्या. दबावासाठी आणलेली मतं मात्र तुमच्या प्रश्नाच्या जागी येतात. तुम्ही विचारलं ‘किती’, उत्तर आलं ‘कोण कोण’. बिल तिथेच राहिलं आणि तुम्ही मामांची समजूत कशी घालायची या विचारात पडलात.

दुसरी खूण वाक्याच्या घडणीत असते. खरं ऐकलेलं बोलणं सांगताना माणूस सहसा थोडे तपशील देतोच, कुठे बसून बोलणं झालं, कशावरून विषय निघाला. ‘सगळ्यांनाच वाटतं’ यात तोंड कुणाचंच नाही. मामा नेमकं काय म्हणाले, कशाला ‘चूक’ म्हणाले? ६ हजार वाढवून न देण्याला, की बिल मागण्याला, की लांब राहण्याला? तुम्हाला सांगता येणार नाही, कारण मेसेजात ते नाहीच. नसलेल्या वाक्याला उत्तर देता येत नाही, म्हणून तर ते रात्रभर डोक्यात फिरत राहतं.

पण मला सगळ्यात जड वाटतो तो परवाचा मेसेज. मामांना मध्ये आणलं दादाने. तुम्ही त्यांच्याशी बोलू म्हणाल, त्याआधीच दार लावून घेतलं, तेही दादानेच. ज्याला खरोखर वाटतं की मामांचं मत आपल्या बाजूने आहे, तो म्हणेल, ‘विचार की त्यांना.’ बीपीचं कारण खरंही असेल, पण मग तीच काळजी त्यांचं नाव भांडणात ओढताना का आठवली नाही? इतर कशाबद्दल संशय असला तरी चालेल, हे दोन मेसेज एकमेकांशेजारी ठेवून वाचा.

याला ट्रायँग्युलेशन म्हणतात. कुटुंबाच्या संदर्भात त्रिकोणाची ही कल्पना मांडली ती मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने. दोन माणसांमधला ताण त्या दोघांना सोसवेनासा झाला की त्यातलं एक तिसऱ्याला आत ओढतं आणि ताण तिघांत वाटला जातो, असं त्याचं निरीक्षण होतं. यात कुणी दुष्ट असावंच लागतं, असं तो म्हणत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली हा शब्द ऐकला की लोक समोरच्यावर लगेच एखाद्या मानसिक विकाराचा शिक्का मारतात. दादा कट करतोय असं मला वाटत नाही. रात्री दोनदा उठून आईला कूस बदलून देणारा माणूस थकलेला असतो, आणि बहिणीने हिशोब मागितला की त्याला तो अविश्वास वाटतो. तरीही जे चाललंय ते दबाव टाकणंच आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

तो खोटं बोलतोय का, या प्रश्नात तर फार अडकू नका. माझ्या घरातलं सांगते. बाबांच्या पश्चात वाईचं घर विकायचं ठरत होतं. मला कागद नीट वाचायचे होते. ताईने मेसेज केला, ‘आत्यासुद्धा म्हणाली, तू सगळं अडवून धरतेस.’ आत्या माझी सगळ्यात लाडकी. मी आठ महिने तिच्याशी बोलले नाही, फोन आला तरी ‘कामात आहे’ म्हणून ठेवला. शेवटी सांगलीत एका लग्नात तिने मला कोपऱ्यात गाठलं आणि विचारलं, ‘माझं काय चुकलं ते तरी सांग.’ ती ताईला म्हणाली होती ते एवढंच: ‘अगं, तिला वेळ लागतोच, लहानपणापासून तशीच आहे ती.’ हेच वाक्य ताईच्या रागातून गाळून माझ्यापर्यंत आलं तेव्हा ‘वेळ लागतो’चं ‘अडवून धरते’ झालं होतं. ताईला आजही वाटतं की तिने काही बदल केला नाही. आणि कबूल करायला हवं, त्याच महिन्यात मीही ताईला ‘भाऊजींनाही तुझी घाई पटत नाहीये’ असं लिहिलं होतं. भाऊजी फक्त ‘हं’ म्हणाले होते, टीव्ही बघता बघता.

आपल्याकडे नातेवाइकांचं ‘हो रे बाबा, खरंय’ हे बहुतेक वेळा मत नसतंच, समोरच्याला चहाबरोबर दिलेला दिलासा असतो. त्यावर सह्यांचं निवेदन उभं राहतं.

याहून अवघड शक्यता अशी की मामा खरोखरच तसं म्हणाले असतील, तुम्ही चुकताय असं त्यांना मनापासून वाटतही असेल. पण त्यांना काय सांगितलं गेलंय? ‘तिला पैसे वाढव म्हटलं तर बिलं मागते’ एवढंच ऐकलं तर मीसुद्धा तुम्हाला चूक ठरवेन. तुम्ही दरमहा १२ हजार पाठवता हे त्यांना ठाऊक आहे का? तीन माणसांचं मत एकाच माणसाच्या सांगण्यावर उभं असेल तर ती तीन मतं नव्हेत, एकाच मताच्या तीन झेरॉक्स आहेत.

म्हणून मामांशी बोला. तो मेसेज म्हणजे मनाई नव्हे. फक्त ‘मामा, तुम्हाला असं वाटतं का हो?’ असं विचारू नका, आणि दादाचा मेसेज वाचून तर अजिबात दाखवू नका. तसं केलंत तर तोच त्रिकोण तुम्ही दुसऱ्या टोकाकडून बांधलात, आणि संध्याकाळपर्यंत दादाला फोन जाईल. साधा खुशालीचा फोन करा. आईचा विषय निघेलच. तेव्हा म्हणा, ‘मामा, मी बाईचे १२ पाठवते, दादा १८ म्हणतोय, मी बिल बघून ठरवू म्हटलं. तुमच्या कानावर काय आलंय?’ त्यांचं मत विचारायचं नाही, त्यांनी काय ऐकलंय ते विचारायचं. मत विचारलं की माणूस बाजू घेतो किंवा अंग काढून घेतो. काय ऐकलं हे विचारलं की बहुतेक जण सरळ सांगतात.

सगळ्यांना फोन करायची गरज नाही, एकच पुरे. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अमेरिकेत प्रयोग केले होते. काही रेघांमधून दिलेल्या रेघेएवढी लांब कोणती, एवढंच सांगायचं. खोलीतले बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर देत. ज्याची परीक्षा चालली होती त्याची अशा वेळची साधारण तीनपैकी एक उत्तरं गर्दीसारखीच चुकली, रेघ डोळ्यांसमोर असून. विरोधात तीन माणसं असली की दबाव जवळजवळ पुरा बसायचा, त्यापुढे माणसं वाढवून फार फरक पडत नसे. पण खोलीतल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी चुका एकदम घटायच्या. दादाच्या मेसेजातली गर्दी तर खोलीत बसलेलीही नाही. ती त्याने टाइप केली आहे. त्यातला एक जण जरी तुमच्याशी सरळ बोलला तरी ती विरते.

दादाला उत्तर छोटं द्या, आणि त्यात मामा-काकू घेऊच नका. ‘काकू असं कशा म्हणतील!’ असं लिहिलंत की पुढचे चार दिवस काकूंवर जातील. मी असं लिहीन: ‘मामांना काय वाटतं ते त्यांच्याशी बोलेन. तुला काय वाटतं ते तू सांग. बाईचं जुलैचं बिल आणि औषधांचा खर्च पाठव, बघून दोन दिवसांत आकडा सांगते.’ पुन्हा ‘सगळे म्हणतात’ आलं तर याचीच शेवटची ओळ पुन्हा पाठवा, नवीन काही लिहू नका. तिसऱ्यांदा हात शिवशिवतील, तेव्हा फोन उलटा ठेवा.

हे सगळं भावाबहिणीच्या, बरोबरीच्या नात्यात चालतं. जिथे मेसेजात धमकी आहे, किंवा ज्या घरात राहताय त्याच घरातलं माणूस हे करतंय, तिथे तिसऱ्याला फोन करून खात्री करण्याचा प्रयोग करू नका. तिथे मेसेज जपून ठेवायचे आणि बाहेरच्या भरवशाच्या माणसाला दाखवायचे.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. तुमचं चुकतही असेल. ऑपरेशननंतर डायपर, फिजिओ, औषधं धरून खर्च खरोखरच वाढला असू शकतो, आणि तुमचे १२ हजार निम्मेही नसतील. पण ते बिलावरून कळेल, काकूंवरून नाही. दादाला बिल मागणं झोंबत असेल तर त्याला सांगा की बाईचे पैसे मी थेट ब्युरोकडेच भरते, बाकीचा खर्च तू बघ, किंवा उलट. ब्युरोची पावती तुमच्या नावावर येईल, त्याला हिशोब द्यावा लागणार नाही. आणि जमलं तर पुढच्या महिन्यात चार दिवस कोल्हापूरला जाऊन राहा, रात्रीची पाळी तुम्ही घ्या. बाईला किती देतात ते तिलाच विचारायचा मोह होईल. तो टाळा, दादाला विचारा.