मुद्दा कुठला, तपशील कुठला?

प्रश्न : आमच्या शेतकरी गटात मी कृषी पत्रकं वाचून दाखवतो. दाट लिहिलेल्या परिच्छेदात मुद्दा कोणता आणि तपशील कोणता, हे कसं ओळखायचं? पहिलं वाक्य म्हणजेच मुद्दा का?

उत्तर : नेहमी नाही. ओळखायची खूण या दोन शब्दांच्या पोटातच आहे. दोन्ही अरबीतून आले. ‘मुद्दा’ आणि ‘दावा’ एकाच धातूचे, म्हणजे मुद्दा ही दावा करून मांडलेली गोष्ट. ‘तपशील’ म्हणजे सुटं करून, उलगडून सांगणं. दाव्याला माणूस ‘कशावरून?’ विचारतो, आणि उत्तर तपशील देतो.

आपल्या वावरातलंच उदाहरण घ्या :

“कपाशीला पाणी देऊन फरदड घेतली तर दोन वेचण्या जास्त मिळतात. पण उशिराच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पोसली जाते. अळी बोंडाच्या आत असल्याने फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. तीच पुढच्या हंगामात कपाशीवर येते. म्हणून डिसेंबरअखेर शेत रिकामं करावं. पऱ्हाट्याही बांधावर रचून ठेवू नयेत.”

आता दोन वाक्यांच्या मध्ये ‘कारण’ घालून पाहा. “शेत रिकामं करावं, कारण फवारणी अळीपर्यंत पोचत नाही” हे जुळतं. उलटं करा : “फवारणी पोचत नाही, कारण शेत रिकामं करावं.” अर्थच उरत नाही. ज्या वाक्याकडे बाकीची ‘कारण’ लावून येतात आणि जे स्वतः कुणाचं कारण होत नाही, तो मुद्दा. इथे तो पाचव्या वाक्यात आहे.

पहिल्या वाक्याला मात्र ‘कारण’ लागत नाही, ‘तरी’ लागतं : दोन वेचण्या जास्त मिळतात, तरी शेत रिकामं करावं. लेखक समोरच्याची बाजू आधी मान्य करतो आणि ‘पण’ म्हणून वळतो. घोटाळा होतो तो इथेच. मी एकदा असाच मजकूर पारावर एका दमात वाचला, आणि एक आजोबा “म्हणजे फरदड फायद्याची आहे” असं म्हणत उठले. आकडा त्यात होता, आणि तोही पहिल्याच वाक्यात. त्यांच्या कानात तोच राहिला. चूक माझ्या वाचण्याची होती.

शेवटचं वाक्यही काय करू नये ते सांगत असल्याने मुद्द्यासारखं वाटतं. पण ते ‘रिकामं म्हणजे कसं?’ याचं उत्तर आहे. पऱ्हाट्यांवरच्या किडक्या बोंडांत अळी सुप्त राहते, म्हणून त्या हलवणं हा शेत रिकामं करण्याचाच भाग.

‘फरदड’ हा मुद्दा नव्हे, तो विषय. मुद्दा पूर्ण वाक्यातच सांगावा लागतो. आणि ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ दिसलं की लगेच थांबू नका. “अळी आत असते, त्यामुळे फवारणी पोचत नाही” यात फवारणीचं वाक्य शेजारच्यापुरतं मुद्दा आहे, पण अख्ख्या परिच्छेदात तपशीलच. त्याला पुढे आणखी एक ‘म्हणून’ लागतो का, ते पाहायचं.

गटात वाचताना पाचवं वाक्य आधी वाचा, थोडं थांबा, कुणी “काऊन?” विचारलं की मग वरून सुरू करा.