निरोपाच्या मेसेजला श्रद्धांजलीचा वास येऊ नये म्हणून

पोरी,

ऑफिसच्या निरोपाचा तुझा मसुदा काल रात्री वाचला. शब्द चांगले आहेत, पण चिन्हांनी घोटाळा केलाय. तू काय लिहिलंस ते तुलाच एकदा समोर ठेवून दाखवतो:

"प्रिय सर्व!!! आज माझा शेवटचा दिवस.... 😢😢 तुमच्या आठवणी सदैव हृदयात राहतील..... काही चुकलं असेल तर माफ करा!!! अखेरचा निरोप...... 🙏🙏💐💐🌹"

आता हा मेसेज ऑफिसच्या चॅटवर पडला की काय होईल, ते बघ. खरेदी केंद्रावरच्या माणसाचा फोन खिशात असतो, समोर कापसाची गाडी उभी असते. तो फोन काढतो तेव्हा त्याला पूर्ण मेसेज दिसत नाही. वरची एक-दोन ओळीची पट्टी दिसते: तुझं नाव, "आज माझा शेवटचा दिवस....", आणि दोन रडके चेहरे. त्याच्या छातीत धस्स होणार की नाही?

हे मी कल्पनेनं सांगत नाही. 2021 च्या मे महिन्यात मी तेव्हाची नोकरी सोडली. कोरोनाची दुसरी लाट होती. रोज सकाळी ग्रुप उघडला की कोणाची तरी वाईट बातमी असायची, आणि तिचा ठरलेला वेश असायचा: टिंबं टिंबं टिंबं, हात जोडलेले, फुलं. त्यात मी पहाटे साडेपाचला लिहिलं, "आज आपल्यातून निघून जाताना... सर्वांना अखेरचा नमस्कार 🙏💐🌹". सहा वाजता तुझ्या काकूंच्या फोनवर दारव्ह्याहून फोन आला, "काहून वहिनी, काय झालं बाप्पा? भाऊ परवापर्यंत तर चांगले होते!" मी शेजारीच चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात दोघांनी ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहूनही टाकलं. एकानं तर नंतर ते काढलंही नाही, अजून आहे तिथं.

तेव्हा कळलं की एकटं 🙏 निरुपद्रवी आहे. नमस्कार, आभार, विनंती, काहीही चालतं. एकटं 💐 वाढदिवसालाही चालतं. पण आपल्याकडे लांब टिंबं, 🙏 आणि 💐 एका ओळीत आले, आणि सोबत "अखेरचा", "निघून जाणं", "आठवणी राहतील" असे शब्द असले, की वाचणाऱ्याचं मन मेसेज पूर्ण व्हायच्या आधीच स्मशानात पोचतं. दोष कुठल्या एका चिन्हाचा नाही, जोडीचा आहे. म्हणून निरोपाच्या मेसेजमध्ये फुलं ठेवूच नकोस. ती तुला इतरांनी द्यायची असतात.

टिंबांचं वेगळं सांगायला हवं. माझ्या वयाची माणसं दोन वाक्यांमध्ये सहज तीन-चार टिंबं टाकतात. आमच्यासाठी तो श्वास घ्यायचा थांबा. तुझ्या वयाचे वाचतात तेव्हा त्यांना वाटतं, काहीतरी मनात ठेवलंय, नाराज होऊन चालली. म्हणजे तुझे साहेब "शेवटचा दिवस...." वाचून हळवे होतील आणि तुझ्या सोबतची मुलं एकमेकांना विचारतील, "काय बिनसलं बे?" दोघांनाही एकच कळावं असं वाटत असेल तर साधा पूर्णविराम दे. चार-पाच वाक्यांच्या मेसेजमध्ये पूर्णविराम तुटक वाटत नाही. तुटक वाटतो तो "बरं." अशा एकशब्दी उत्तरात.

आणि ते "माफ करा!!!". मोठ्यानं वाचून बघ. काट्यावर वजनावरून वाद झाला की वैतागलेला माणूस हात जोडून असंच म्हणतो ना, "माफ करा!" तीन उद्गारचिन्हांनी तुझी क्षमायाचना भांडणासारखी दिसतेय. माझा हिशेब सोपा आहे. जिथं बोलताना तुझा आवाज खरंच वर गेला असता, तिथंच उद्गारचिन्ह, आणि अख्ख्या मेसेजमध्ये एक. "प्रिय सर्व" म्हणताना कोणी ओरडत नाही, तिथं स्वल्पविराम.

मोडीतल्या जुन्या पत्रांत ही चिन्हं नव्हतीच. 19व्या शतकात इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांनी ती इंग्रजीवरून मराठीत रुजवली. त्याआधी जिव्हाळा दाखवायचा तर शब्दच लागायचे, जसं "लोभ असावा". तीन लाल बदामांचं काम ते दोन शब्द आजही करतात. वापरून बघ, साहेबांना नक्की आवडेल.

चेहऱ्यांचं एकच सांगतो, कारण त्यात तू फसशील. तुम्ही मुलं 😭 हे हसून हसून पुरेवाट झाली म्हणून टाकता. गोदामावरचे काका ते रडणं समजतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. चेहरा हवाच असेल तर ज्याचा एकच अर्थ होतो असा घे, आणि जिथं गंमत आहे त्या वाक्याला चिकटव. सगळे शेवटी ढिगानं लावू नकोस. नागपूरच्या ऑफिसात एकजण मेसेज कानांनी ऐकतात. त्यांचा फोन प्रत्येक चिन्हाचं नाव वेगळं उच्चारतो. तू पाच चिन्हं ओळीनं लावलीस की त्यांना पाच नावं ऐकल्याशिवाय सुटका नाही.

तुझाच मजकूर मी असा लावला:

"नमस्कार मंडळी, उद्या शुक्रवारी मी इथलं काम संपवून अमरावतीला नव्या नोकरीवर रुजू होतेय. तीन हंगाम तुमच्यासोबत कापूस खरेदी केली. पहिल्या आठवड्यात मी ओलावा मोजायचं यंत्र उलटं धरलं होतं, ते काट्यावरचे भाऊ अजून विसरले नाहीत! 😄 पावतीबुकं आणि शेतकऱ्यांची यादी अकाउंटच्या ताईंकडे दिली आहे. माझा नंबर तोच राहील. काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या, लोभ असावा. 🙏"

बघ, पट्टीवर आता "अमरावतीला" दिसो न दिसो, "उद्या शुक्रवारी मी इथलं काम" एवढं दिसलं तरी कोणी घाबरत नाही. उद्गारचिन्ह एक, चेहरा एक, नमस्कार एक. यंत्राचा किस्सा तुझाच आहे, दिवाळीत सांगितला होतास. नको वाटला तर दुसरा घाल, पण एक तरी खरा प्रसंग असू दे. तो असला की रडक्या चेहऱ्यांची गरज राहत नाही.

मेसेज गुरुवारी दुपारी जेवणानंतर टाक. पहाटे नाही, रात्री दहानंतरही नाही, त्या वेळेला आलेल्या मेसेजला माणूस आधीच भीत उघडतो. `@all` लावू नकोस, गाड्यांच्या रांगेत सगळ्यांचे फोन एकदम वाजवायची ही बातमी नाही. उत्तरं आली की प्रत्येकाला वेगळं "धन्यवाद!!" लिहीत बसू नकोस. मेसेजवरच अंगठा किंवा बदाम ठेव, आणि संध्याकाळी सगळ्यांना मिळून एक ओळ लिही. साहेबांनी मोठं काही लिहिलं तर त्यांना मात्र शब्दांत उत्तर दे, अंगठा नको. त्यांच्या पिढीत अंगठा म्हणजे "कळलं, चल आता".

काट्यावरचे दोघं हमाल या चॅटवर नाहीत. त्यांना बुधवारीच चहाच्या वेळेला सांगून ये, नाहीतर त्यांना दुसऱ्याकडून कळेल.

तुझा काका