शाळेतली गोळी घेऊनही जंत परत

"मुलगा तिसरीत आहे. फेब्रुवारीत शाळेत जंतांची गोळी घेतली. महिन्याभरात परत पोट दुखतं म्हणतो, जेवण टाकतो, रात्री ढुंगण खाजवत बसतो. गोळी लागू पडली नाही का?"

गोळी लागू पडली असेल, पण जंत परत आले असावेत. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात परिचारिका आहे. रात्रीची खाज म्हटली की आम्हाला आधी सूतकृमी आठवतात.

शाळेत मिळते ती आल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची. ती आतड्यातले जंत मारते, अंडी मात्र शिल्लक राहू शकतात. सूतकृमीची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराच्या कातडीवर अंडी घालते. मूल खाजवतं, अंडी नखांत अडकतात, तीच बोटं सकाळी तोंडात जातात. अंडी काही तासांत लागण करण्याजोगी होतात, आणि चादरीवर दोन-तीन आठवडे टिकतात.

आधी खात्री करा. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे, जेमतेम सेंटीमीटरभर, वळवळणारे दिसले तर तेच. शौचाची तपासणी इथे बऱ्याचदा फसते, कारण अंडी शौचात नसतात, कातडीवर असतात.

आमच्याकडे दुसरीतली एक मुलगी अशीच परत परत यायची. पेजसुद्धा अर्धी टाकायची. औषध तिला एकटीलाच मिळायचं आणि ती झोपायची धाकट्या भावाशेजारी, एकाच गोधडीत. मग डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी गोळी दिली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. या दुसऱ्या गोळीने मागे राहिलेल्या अंड्यांतून निघालेले जंत मरतात. आजोबा "मला काय झालंय?" म्हणून अडून बसले होते, त्यांनाही चावून खायला लावली. घरात कुणी गरोदर असेल किंवा मूल दोन वर्षांहून लहान असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

त्या दोन आठवड्यांत रोज सकाळी उठल्याबरोबर आंघोळ घाला, रात्री घातलेली अंडी धुऊन जातात. आतली चड्डी रोज बदला, रात्री अंगाला घट्ट बसणारी घाला. नखं बारीक कापा. चादर झटकू नका, अंडी घरभर उडतात. ती अलगद गुंडाळून गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुताना नखांखालीही घासा.

गोड खाल्ल्याने जंत होतात, असं आमच्याकडे आजही सांगतात. म्हणून नेवरी हिसकावून घेण्यात अर्थ नाही, त्याने खाज थांबत नाही.

दुसऱ्या गोळीनंतरही पोट दुखत राहिलं आणि खाज नसेल, तर गोलकृमी किंवा भलतंच काही असू शकतं. तेव्हा आरोग्य केंद्रात शौच तपासून घ्या. उलट्या होऊन पोट कडक झालं किंवा दुखणं उजवीकडे खाली सरकलं, तर गोळीच्या भरवशावर न थांबता त्याच दिवशी दाखवा.