जर्मनीतला राजीनामा: शेवटची ओळ आणि तिच्याखालची सही

प्रश्न: जर्मनीतल्या कंपनीचा राजीनामा द्यायचा आहे, पत्र जर्मनमध्ये लिहितोय. शेवटी ‘मिट फ्रॉयंडलिशन ग्र्यूसन’ लिहू की ‘होखआख्टुंग्सफोल’? दुसरं जास्त आदराचं वाटतं. मेलनेच पाठवणार आहे.

‘मिट फ्रॉयंडलिशन ग्र्यूसन’ लिहा. ‘होखआख्टुंग्सफोल’चा अर्थ आदराचा असला तरी आज ते थंडगार वाटतं. थकबाकीच्या नोटिशीखाली किंवा वकिलाच्या कडक पत्राखाली शोभेल असं. पण मी हे उत्तर लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. मेलने पाठवू नका. माझा एक अख्खा महिना त्या मेलने खाल्लाय.

२०२२ ची गोष्ट. मी स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत चार वर्षं होते, करारात तीन महिन्यांची मुदत, तीही महिनाअखेर धरून. नवी नोकरी १ ऑक्टोबरला सुरू होणार होती. म्हणजे जुनी ३० सप्टेंबरला संपायला हवी आणि त्यासाठी राजीनामा ३० जूनपर्यंत कंपनीच्या हातात पडायला हवा. मी तो २८ जूनला, मंगळवारी, दोन दिवस हाताशी ठेवून पाठवला. सही केलेला कागद स्कॅन केला, पीडीएफ मेलला जोडली, साहेबांना आणि एचआरला एकाच वेळी. साहेबांचं तासाभरात उत्तर आलं, वाईट वाटलं, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. मी निवांत झाले.

६ जुलैला एचआरचा मेल आला. दोनच ओळी होत्या: मूळ सहीचा कागद मिळालेला नाही, त्यामुळे राजीनामा झालेला नाही. मी खाली धावत गेले, साहेबांचं उत्तर दाखवलं. एचआरच्या बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि सांगितलं की तुम्ही जाणार हे त्यांना कळलं, एवढाच याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी मी कागद नेऊन दिला, पण जून संपला होता. जुलैपासून तीन महिने आणि महिनाअखेर, म्हणजे ३१ ऑक्टोबर. ३० सप्टेंबरला सोडा म्हणून विनंती केली, ती मान्य झाली नाही. नव्या कंपनीने रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली खरी, पण ज्या प्रोजेक्टसाठी मला घेतलं होतं तो ऑक्टोबरात सुरू झाला आणि दुसऱ्याच्या हाती गेला.

कंपनीचं वागणं मला अजूनही कोतं वाटतं. २९ जूनला एका ओळीत कळवलं असतं तर मी धावत कागद नेऊन दिला असता. पण कायद्याने त्यांचं काही चुकलं नाही. जर्मन नागरी कायद्याचं, म्हणजे बेगेबेचं, कलम ६२३ सरळ सांगतं की नोकरी संपवायची तर ते लेखीच हवं आणि इलेक्ट्रॉनिक रूप चालणार नाही. लेखी म्हणजे काय ते कलम १२६ मध्ये आहे: कागदावर स्वतःच्या हाताने केलेली सही. मेल, फॅक्स, स्कॅन, व्हॉट्सअ‍ॅप, स्क्रीनवर बोटाने केलेली सही, सगळं बाद. कंपनीच्या पोर्टलवर राजीनाम्याचं बटण असलं तरी कागद द्यावाच लागतो. २०२५ पासून नोकरीचं प्रमाणपत्र तुमच्या संमतीने डिजिटल देता येतं, त्यामुळे हल्ली बरेच जण राजीनामाही डिजिटल चालतो असं धरून चालतात. कलम ६२३ बदललेलं नाही.

हे सगळं इतक्या तावातावाने लिहायचं कारण म्हणजे माझे दाजी. ताईचे यजमान, म्युनिकमध्ये बारा वर्षं. मेलचा सल्ला त्यांचा आणि मसुदाही त्यांचाच. ‘मी आपणांस नम्र विनंती करते की माझा राजीनामा स्वीकारावा’, मग सोडण्याची कारणं तीन परिच्छेद, मग कंपनीचे उपकार, मग सेवेत काही कमी-जास्त झालं असल्यास क्षमा. सांगलीत माझे वडील जिल्हा परिषदेत होते, त्यांच्या अर्जाच्या शेवटी ‘मंजूर व्हावा ही विनंती’ असायचंच. ते तिथं बरोबर होतं, कारण तिथं राजीनामा वरून मंजूर व्हावा लागतो. खासगी कंपनीतसुद्धा रिलीव्हिंग लेटर हाती येईपर्यंत आपला जीव अडकलेला असतो.

जर्मनीत राजीनामा ही विनंतीच नाही. ‘क्युंडिगुंग’ म्हणजे तुम्ही एकट्याने जाहीर केलेला निर्णय. तो समोरच्याच्या हाती पोचला की लागू होतो, त्याला आवडो न आवडो. त्यामुळे ‘कृपया स्वीकारावा’ हे नम्र नाही, घातक आहे. तुम्ही दोघांच्या संमतीने करार संपवायचा प्रस्ताव ठेवताय असा त्याचा अर्थ काढता येतो आणि प्रस्तावाला समोरचा नाही म्हणू शकतो. कारणंही लिहू नका. मुदत पाळून सोडताना कारण द्यावं लागत नाही.

मी दुसऱ्यांदा दिलेलं पत्र साधारण असं होतं, तारीख तुमची घाला:

```
Kündigung meines Arbeitsverhältnisses

Sehr geehrte Damen und Herren,

hiermit kündige ich mein Arbeitsverhältnis ordentlich
und fristgerecht zum 30.09.2026, hilfsweise zum
nächstmöglichen Termin.

Bitte bestätigen Sie mir den Erhalt dieses Schreibens
und das Beendigungsdatum schriftlich. Außerdem bitte ich
um ein wohlwollendes, qualifiziertes Arbeitszeugnis.

Mit freundlichen Grüßen
```

वर तुमचं नाव-पत्ता, कंपनीचा पत्ता, आजची तारीख. मायन्यानंतर स्वल्पविराम येतो, म्हणून पुढची ओळ लहान अक्षराने सुरू होते. शेवटच्या ‘ग्र्यूसन’नंतर मात्र काहीच नाही, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. इंग्रजी पत्रांच्या सवयीने आपला हात तिथं हटकून स्वल्पविराम देतो. आद्याक्षरांचं ‘एमएफगे’ लिहू नका, घाईत उरकल्यासारखं दिसतं. ‘फीले ग्र्यूसे’ सहकाऱ्यांच्या मेलला ठीक. साहेबांशी फारच घरोबा असेल तर ‘मिट बेस्टन ग्र्यूसन’ चालेल. आभार मानायचे असतील तर त्याच्या आधी एक वाक्य, एकच.

मसुद्यात ‘हिल्फ्सवाइझं’ हा शब्द आहे तो काढू नका. ‘ही तारीख बसत नसेल तर त्यानंतरची जी पहिली बसेल ती’ असा त्याचा अर्थ. तुमचा हिशोब चुकला तरी राजीनामा उभा राहतो, फक्त तारीख सरकते.

शेवटच्या ओळीखाली तीन-चार ओळी जागा सोडा, तिथं पेनने सही आणि सहीखाली टाइप केलेलं पूर्ण नाव. समारोपाच्या शब्दांपेक्षा कायद्याला ही सही महत्त्वाची. ती मजकुराच्या खाली, मजकूर बंद करणारी हवी. त्यामुळे सहीनंतर ताजा कलम जोडू नका, रजेचं वगैरे काही सांगायचं असेल तर ते वरच लिहा. नुसती आद्याक्षरं पुरत नाहीत. रोजच्या कागदांवर आपण जो एक फराटा मारतो तो इथं नको, आडनाव लिहिलंय असं दिसलं पाहिजे. वाचता नाही आलं तरी चालतं.

आता पोचवण्याचं. मी दोन प्रती नेल्या होत्या. एचआरच्या बाईंनी मूळ प्रत घेतली, दुसरीच्या तळाशी स्वतःच्या निळ्या पेनने ‘मूळ प्रत मिळाली, ०७.०७.२०२२’ असं जर्मनमध्ये लिहिलं आणि सही केली. पाच मिनिटांचं काम. ती प्रत अजून माझ्या फाइलीत आहे. पोस्टाने पाठवायचं तर सही घेऊन देणारं रजिस्टर टाळा. घ्यायला कोणी नसलं तर पोस्टमन फक्त चिठ्ठी ठेवून जातो आणि चिठ्ठी म्हणजे पत्र पोचलं असं होत नाही. पेटीत टाकणारं ‘आइनवुर्फ-आइनश्राइबन’ त्यापेक्षा बरं, पण त्याचीही नुसती पावती आणि ऑनलाइन स्थिती पुरावा म्हणून पुरत नाही, असं इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने ३० जानेवारी २०२५ ला एका खटल्यात म्हटलंय. त्यात पत्र कंपनीने पाठवलं होतं, पण पोचल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याचीच, मग तो कोणीही असो. शक्य असेल तर स्वतः जाऊन द्या, नाहीतर मजकूर वाचलेल्या मित्राला पेटीत टाकायला लावा आणि त्याच्याकडून तारीख-वेळ लिहून घ्या.

दाजींचं आजही म्हणणं आहे की साहेबांनी उत्तर दिलं तिथंच राजीनामा झाला आणि मी भांडायला हवं होतं. शिवाय पत्राचा शेवट मी कोरडा केला म्हणून एचआर चिडली, हेही ते दर दिवाळीला सांगतात. दाजी, शेवट मी बदललाच नव्हता, २८ जूनच्या मेलमध्ये तुमचाच क्षमा मागणारा परिच्छेद होता. कागद नव्हता एवढंच कमी होतं. चार कोरड्या ओळींचं दुसरं पत्र एका दिवसात मार्गी लागलं.

मुदतीचं राहिलं. करारात काही वेगळं नसेल तर कर्मचाऱ्यासाठी चार आठवडे, १५ तारीख किंवा महिनाअखेर धरून. चार आठवडे म्हणजे २८ दिवस, महिना नव्हे: ३० सप्टेंबरला सुटायचं तर पत्र उशिरात उशिरा २ सप्टेंबरला पोचलं पाहिजे. प्रोबेशनमध्ये असाल तर दोन आठवडे, कुठल्याही दिवशी संपणारे. करार ठरावीक मुदतीचा असेल तर आधी बघा की त्यात मध्येच सोडायची सोय लिहिलीय का. ती करारात किंवा युनियनच्या करारात नसेल तर साधा राजीनामा देता येत नाही.

आणि पुढची नोकरी हातात नसेल तर थांबा. स्वतःहून सोडलंत तर बेकारभत्ता साधारण बारा आठवडे अडकतो आणि नोकरी संपायच्या तीन महिने आधी, किंवा वेळ कमी असेल तर तीन दिवसांत, रोजगार कार्यालयात नोंदणी करावी लागते. ब्लू कार्डवर असाल तर नोकरी मुदतीआधी संपतेय हे कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, आउसलेंडरबेहोर्डेला, कळवायचं असतं. मी कळवलं होतं ते मेलने, आणि तिथं तो चालला.