निरोपाच्या व्हिडिओचा मजकूर लिहिताना

प्रिय मित्रा,

ऑफिस सोडून टोरांटोला निघालेल्या ताईंच्या निरोपाच्या व्हिडिओसाठी तू लिहिलेला मजकूर वाचला. त्यातली माया खरी आहे, पण काम उलट्या बाजूने सुरू झालंय. तू आधी भाषण लिहिलंस आणि आता त्याला जुळतील अशा क्लिपा शोधतोयस. त्यामुळे आवाज एक सांगतो आणि पडद्यावर भलतंच काहीतरी चालू असतं. मजकूर तूर्त बाजूला ठेव.

आधी सगळ्या क्लिपा हेडफोन लावून बघ आणि यादी कर. फाइलचं नाव, कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत, ताई कुठे दिसतात आणि काय ऐकू येतं, एवढं लिही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण जुन्या क्लिपांमधलं खरं धन आवाजातच असतं. एरवी ताई बऱ्याचदा चौकटीच्या कडेला सापडतील, कारण सगळे केक कापत असताना त्या प्लेटा मोजत असतात. त्या क्लिपा टाकून देऊ नकोस.

आता हिशेब. शांतपणे वाचलं तर मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. तुझा व्हिडिओ साडेतीन मिनिटांचा, म्हणजे 210 सेकंद. त्यातला निम्मा वेळ क्लिपांच्या मूळ आवाजाला दे. मग तुझ्या वाट्याला उरतात जेमतेम 200 शब्द. तू 600 लिहिलेस, म्हणून वाचताना धाप लागतेय.

दसऱ्याची क्लिप घे. ती 12 सेकंदांची आहे. कॉम्प्युटरना झेंडूचे हार घातलेत, ताई कोपऱ्यातल्या प्रिंटरला हार बांधतायत आणि आठव्या सेकंदाला ओरडतात, ‘अरे, पेढे आधी देवाला!’ त्यावर तू लिहिलंस, ‘आपल्या ऑफिसात दसरा मोठ्या उत्साहात साजरा होत असे आणि ताई त्यात हिरिरीने भाग घेत असत.’ उत्साह तर दिसतोच आहे, तो सांगायची गरज नाही. शिवाय हे वाक्य आठ सेकंद खातं आणि ताईंच्या ओरडण्यावर चढतं. त्याऐवजी असं काही बघ: ‘प्रिंटरला हार घातल्याशिवाय तुम्ही खुर्चीवर बसत नाही. मार्चअखेरीला त्याची समजूतही तुम्हीच काढता.’ बारा शब्द, सहा सेकंद. क्लिप सुरू झाल्यावर एक सेकंद थांबून वाचायला लागलास तर सातव्या सेकंदाला संपतं आणि पेढ्यांची हाक मोकळी ऐकू येते. मार्चअखेर क्लिपमध्ये कुठेच नाही. जे कॅमेऱ्याला दिसलं नाही पण ऑफिसातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तेवढंच तुझ्या आवाजाने सांगायचं.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. ‘त्या सदैव हसतमुख होत्या’, ‘त्यांची उणीव भासत राहील’, मागे संथ बासरी आणि शेवटी काळा-पांढरा होत जाणारा फोटो. नकळत शोकसभा झाली बघ. बाई टोरांटोला निघाल्यात, धडधाकट आहेत आणि पहिल्या रांगेत बसून हे बघणार आहेत. म्हणून त्यांच्याशीच बोल, ‘ताई, तुम्ही’ असं म्हणून, आणि स्वभावाबद्दलची वाक्यं वर्तमानकाळात ठेव. घडून गेलेली गोष्ट तेवढी भूतकाळात, उदाहरणार्थ येऊरच्या सहलीला पाऊस आला ती. फोटो रंगीतच राहू दे.

त्या येऊरच्या क्लिपमध्ये आपले जुने शिपाईकाका आहेत, जे आता हयात नाहीत. तिथे एकही शब्द बोलू नकोस आणि संगीतही उतरव. ताईंना ते अचानक पडद्यावर दिसू नयेत, तेव्हा ही क्लिप घेतोयस हे त्यांना आधी कानावर घाल.

रेकॉर्डिंग ऑफिसात करू नकोस. एसीची घरघर आणि खालच्या रिक्षांचे हॉर्न नंतर नीट काढता येत नाहीत. रात्री घरी पंखा बंद करून, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बस. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धर, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’वर हवेचा फटका बसत नाही. प्रत्येक वाक्य दोनदा वाच आणि मध्ये थोडा वेळ गप्प राहा, जोडताना कापायला सोपं जातं. संगीताची पातळी फोनच्या स्पीकरवर ठरवू नकोस. ज्या हॉलमध्ये दाखवायचंय तिथल्या स्पीकरवर एकदा लावून बघ, कारण तिथे आवाज घुमतो आणि शब्द संगीतात बुडतात.

ज्यांच्याकडून क्लिपा यायच्यात त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, नेहमीसारख्या पाठवल्या तर मोठ्या पडद्यावर चेहरे फुटतात.

गुरुवारपर्यंत यादी आणि नवा मजकूर शेजारीशेजारी लिहून पाठव, डावीकडे क्लिप आणि सेकंद, उजवीकडे शब्द. नुसता मजकूर पाठवलास तर मला तो तपासता येणार नाही.

तुझा,
सर