पोहे-जिलबीनंतर साडेदहालाच भूक का लागते?

प्रश्न : «इंदूरला बदली झाल्यापासून सकाळी आठला पोहे-जिलबी खाऊन ऑफिसला जातो. पोट तुडुंब भरते, पण साडेदहाला पुन्हा कडकडून भूक. घरी हरभऱ्याची उसळ खाल्ली की मात्र एकपर्यंत आठवणही होत नाही. असे का?»

पोहे म्हणजे उष्णता देऊन चेपलेला तांदूळ. त्यातला स्टार्च आधीच अर्धामुर्धा शिजलेला असल्यामुळे तो लवकर पचतो, आणि जिलबीत तर मैदा व पाकच असतो. त्यामुळे रक्तातील साखर झपाट्याने चढते, तिला उतरवण्यासाठी इन्सुलिन स्रवते, आणि दोन-तीन तासांनी काही जणांची साखर खाण्यापूर्वीच्या पातळीच्याही थोडी खाली जाते. ज्यांच्यात ही घसरण मोठी असते त्यांना भूक लवकर लागते. आपण बहुधा त्यांपैकी असावेत.

उसळीत दोन गोष्टी वेगळ्या घडतात. पन्नास ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात नऊ-दहा ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच पोह्यांत तीन-चार. प्रथिने लहान आतड्यात पोहोचली की तेथून काही संप्रेरके स्रवतात. ती जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात आणि मेंदूला तृप्तीचा निरोप देतात. दुसरे म्हणजे, अख्ख्या हरभऱ्यातला स्टार्च तंतुमय पेशीभित्तिकांत कोंडलेला असतो आणि शिजल्यावरही त्यातल्या पुष्कळ भित्तिका शाबूत राहतात, म्हणून पाचकरस त्याच्यापर्यंत हळूहळू पोहोचतात. शिवाय भिजून-शिजून दाणा दुपटीहून जड होतो, म्हणजे जठर ताणले जाते ते बरेचसे पाण्याने.

येथे आपल्या इंदूरच्या शेवेचा गैरसमज दूर करावासा वाटतो. «शेव बेसनाचीच, म्हणजे प्रथिनेच की» असे पुष्कळ जण म्हणतात. पण दळताना त्या भित्तिका फुटतात, आणि तळल्यावर पाणी जाऊन तेल येते. मूठभर शेवेत उष्मांक भरपूर, आकारमान मात्र नगण्य.

सगळा दोष स्टार्चच्या माथीही मारू नये. सिडनी विद्यापीठात 1995 साली समान उष्मांकांचे 38 पदार्थ खाऊ घालून दोन तास तृप्ती मोजली, तेव्हा सर्वांत वर उकडलेला बटाटा आला आणि तळाशी क्रोसाँ हा लोण्याच्या पदरांचा हलका पाव. पाणी आणि आकारमान यांचे महत्त्व त्यावरून कळते.

त्यामुळे पोहे सोडण्याची गरज नाही. येथे उसळ-पोहे मिळतातच. पोहे निम्मे, उसळ दोन पळ्या जास्त आणि शेव नावापुरती असे सांगून घ्यावे, जिलबी रविवारपुरती ठेवावी. तीन दिवस हे आणि तीन दिवस नेहमीचे, चहा व वेळ तीच ठेवून खावे आणि भूक लागली ती वेळ लिहून ठेवावी. उसळीची सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात वाटी अर्धीच असावी, नाहीतर पोट फुगते. मात्र आपण मधुमेहाची औषधे घेत असाल आणि साडेदहाच्या भुकेबरोबर घाम व थरथर जाणवत असेल, तर त्याच क्षणी साखर तपासावी आणि डॉक्टरांना कळवावे.