आठ लाखांचा चेक देऊ नका, शेअर्स बक्षीस म्हणून घ्या

प्रश्न : आमची सांगलीजवळ यंत्रांचे सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, २००४ सालची. १०० रुपये दर्शनी किमतीचे २०,००० शेअर्स : वडिलांकडे १२,०००, काकांकडे ६,०००, आईकडे २,०००. सगळ्यांनी ते सुरुवातीलाच दर्शनी किमतीला घेतलेले. वडिलांना त्यातले ८,००० आता मला द्यायचे आहेत, उरलेले पुढे मृत्युपत्राने बहिणीला. ऑफिसात सगळे म्हणतात, दर्शनी किमतीला विक्री दाखवा, आठ लाखांचा चेक द्या, विषय संपला. हे बरोबर आहे का? निम्मे पत्नीच्या नावे घेतले तर? कागद कोणते, स्टॅम्प ड्युटी किती? उलाढाल नऊ कोटी आहे, जागा कंपनीची स्वतःची. ताळेबंद सोबत जोडला आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : चेक देऊ नका. घरातल्या घरात व्यवहार आहे म्हणून दर्शनी किमतीला विक्री दाखवायची, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, आणि तुमच्या बाबतीत तो वडिलांना नऊ लाखांना पडेल.

शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर्स रास्त किमतीपेक्षा कमी भावाला विकले, तर विकणाऱ्याला मिळालेले पैसे आयकर खातं धरत नाही, ती रास्त किंमत धरतं. १९६१ च्या कायद्यात हे कलम ५०सीए. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तत्त्व तेच. स्वस्तात घेणाऱ्याला नातेवाइकाची सूट आहे, म्हणजे तुमच्यावर कर नाही. विकणाऱ्याला मात्र तशी सूट नाही. आणि बहुतेक लोक फक्त घेणाऱ्याची बाजू बघून निर्धास्त होतात.

रास्त किंमत काढताना नुसता ताळेबंद चालत नाही. बाकीची मालमत्ता पुस्तकी किमतीला घेतात, पण जमीन आणि इमारत मुद्रांक शुल्काच्या, म्हणजे रेडी रेकनरच्या दराने घ्यावी लागते. तुमच्या ताळेबंदात जागा आणि शेड ३० लाखांना आहे. तुम्ही कळवलेल्या रेडी रेकनर दराने ती १ कोटी ६० लाखांची होते. उरलेली मालमत्ता १ कोटी ७० लाख, देणी १ कोटी ३० लाख. वजाबाकी करून राहतात २ कोटी, आणि २०,००० शेअर्सनी भागले की एका शेअरचे १,००० रुपये. (पुस्तकी किमतीनेच धरलं असतं तर ३५० आले असते. जुन्या कंपन्यांमध्ये सगळा फरक असा जागेतच दडलेला असतो.) ताळेबंदातल्या आगाऊ करासारख्या काही नोंदी या हिशेबातून वगळतात, त्यामुळे तुमच्या सीएचा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण चित्र बदलणार नाही.

म्हणजे ८,००० शेअर्सची रास्त किंमत ८० लाख. वडिलांची खरेदी ८ लाखांची. ७२ लाखांचा दीर्घकालीन नफा धरून १२.५ टक्क्यांनी ९ लाख रुपये कर, वर सरचार्ज आणि सेस. हातात आलेले पैसे आठ लाख आणि कर नऊ लाखांच्या वर.

तेच शेअर्स वडिलांनी बक्षीस दिले तर भांडवली नफा मोजलाच जात नाही, आणि वडिलांकडून मुलाला मिळालेलं बक्षीस तुमचंही उत्पन्न धरत नाहीत. कर कायमचा गेला असं मात्र नाही. पुढे कधी तुम्ही हे शेअर्स विकलेत, तर तुमची खरेदी किंमत वडिलांचीच, शंभर रुपये, आणि मुदतही त्यांच्या २००४ च्या खरेदीपासून मोजली जाईल. म्हणून त्यांचं मूळ वाटपाचं कागदपत्र आजच शोधून फाईलला लावा. वीस वर्षांनी ते सापडणार नाही.

पत्नीच्या नावे निम्मे घेऊ नका. सासऱ्याने सुनेला दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न सासऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. लाभांश सुनेच्या खात्यात जमा होईल आणि त्यावरचा कर वडील भरत राहतील. आधी तुम्ही घेऊन मग पत्नीला दिलेत तर तेच तुमच्या बाबतीत होईल.

आता आकड्याकडे वळतो, कारण मला खरी अडचण कराच्या पुढची दिसते. वडिलांकडे आज ६० टक्के आहेत, साधा ठराव ते एकटे मंजूर करू शकतात. तुम्हाला ८,००० दिले आणि उरलेले ४,००० पुढे बहिणीकडे गेले, तर तुम्ही आणि आई मिळून होता १०,०००. काका आणि बहीण मिळून होतात १०,०००. बरोबर निम्मे, म्हणजे बहुमत कुणाचंच नाही. आज सगळ्यांचं छान जमतंय म्हणून हे कुणाच्या डोळ्यात येत नाही. संचालक नेमायचा प्रश्न येतो तेव्हा येतं. माझा सल्ला, वडिलांनी ८,००० नव्हे, ८,००१ शेअर्स द्यावेत. त्या एका शेअरने तुम्ही आणि आई १०,००१ वर जाता. विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि काकांच्या ३० टक्क्यांमुळे त्यांच्याशिवाय तो आजही होत नाही, उद्याही होणार नाही. तिथे काही बदलत नाही.

बारा हजारच्या बारा हजार आत्ताच घ्यावेत, असा मोह झाला तरी टाळा. बक्षीस परत घेता येत नाही, आणि वडिलांचा मत आणि लाभांशाचा हक्क त्या दिवशी संपतो. उरलेल्या ३,९९९ शेअर्सचं मृत्युपत्र मात्र नीट करून ठेवा, नुसत्या नॉमिनेशनवर विसंबू नका. नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये साळगावकर खटल्यात पुन्हा स्पष्ट केलंय.

कागदांची सुरुवात कंपनीच्या नियमावलीपासून करा, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशनपासून. प्रायव्हेट कंपनीत शेअर हस्तांतरावर बंधन असतंच. तुमची नियमावली १९५६ च्या कंपनी कायद्याच्या काळातली आहे. अशा नियमावलीत बहुधा आधी इतर सभासदांना शेअर्स देऊ करण्याची अट असते आणि मुलगा, मुलगी, पत्नी यांना त्यातून सूट असते. सूट स्पष्ट लिहिलेली नसेल, तर काकांकडून ‘माझी हरकत नाही आणि माझा अग्रहक्क मी वापरत नाही’ असं पत्र घ्या. सूट लिहिलेली असली तरी घ्या. काकांना ही गोष्ट नोंदवहीतून कळण्यापेक्षा तोंडी सांगून कळलेली बरी.

मग वडील एक साधं बक्षीसपत्र लिहितील आणि तुम्ही त्यावर स्वीकाराची सही कराल. शेअर्स जंगम मालमत्ता असल्याने त्याच्या नोंदणीची सक्ती नाही. या पत्रावरचा मुद्रांक राज्याच्या कायद्याने ठरतो आणि शेअर हस्तांतराच्या ड्युटीपेक्षा तो वेगळा विषय आहे, म्हणून मसुदा वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या.

मुख्य कागद म्हणजे फॉर्म एसएच-४. त्यात कंपनीचा नोंदणी क्रमांक म्हणजे सीआयएन, फोलिओ, सर्टिफिकेट क्रमांक आणि शेअर्सचे अनुक्रमांक कुठून कुठपर्यंत हे भरायचं असतं. वडिलांचं एकच सर्टिफिकेट १ ते १२,००० चं असेल, तर हस्तांतर १ ते ८,००१ चं, आणि वडिलांकडे राहतात ८,००२ ते १२,०००. हे आकडे चुकले की पुढची प्रत्येक नोंद चुकते. मोबदल्याच्या रकान्यात ‘शून्य, बक्षीस’ असं लिहा, रिकामा ठेवू नका. वडील, तुम्ही आणि साक्षीदार सह्या कराल, आणि सहीच्या दिवशीच तारीख घाला. तारीख न घालता सही करून कपाटात ठेवलेले एसएच-४ मी बरेच पाहिलेत. सही झाल्यापासून ६० दिवसांच्या आत फॉर्म मूळ सर्टिफिकेटसह कंपनीकडे पोचला पाहिजे, आणि तारीखच नसेल तर हे दिवस कुठून मोजायचे?

स्टॅम्प ड्युटी १ जुलै २०२० पासून देशभर एकच आहे : ०.०१५ टक्के, म्हणजे शंभर रुपयांना दीड पैसा. त्याआधी ती २५ पैसे होती, आणि जुने लोक अजून तोच दर सांगतात. ड्युटी शेअर्स देणाऱ्याने भरायची आणि ती फॉर्ममध्ये लिहिलेल्या मोबदल्यावर मोजतात. आठ लाखांची विक्री असती तर १२० रुपये झाले असते. बक्षिसात मोबदलाच नाही, म्हणून ड्युटीही नाही. तरी तुमच्या कंपनी सेक्रेटरीने सावधगिरी म्हणून रास्त किमतीवर भरा म्हटलं, तर जेमतेम बाराशे रुपये होतात, त्यावर वाद घालू नका. चिकटवायची तिकिटं वापरलीत तर त्यांच्यावर आडवी रेघ मारून ती रद्द करा. रद्द न केलेलं तिकीट कायद्याने लावलेलंच नाही असं धरतात.

डिमॅटची चिंता तुम्हाला सध्या नाही. आता प्रायव्हेट कंपन्यांनाही शेअर्स डिमॅट केल्याशिवाय हस्तांतर करता येत नाही, पण स्मॉल कंपनी त्यातून वगळली आहे. २०२२ ची मर्यादा ४ कोटी भांडवल आणि ४० कोटी उलाढाल होती, नंतर ती वर नेली गेली. तुम्ही २० लाख आणि ९ कोटींवर आहात. फक्त कंपनी दुसऱ्या कंपनीची उपकंपनी किंवा होल्डिंग कंपनी असेल तर ही सूट मिळत नाही.

कागद आले की संचालक मंडळाची सभा घ्या, ठराव करा आणि इतिवृत्तात अनुक्रमांकांसह लिहा. ठरावानंतर सात दिवसांत सभासद नोंदवहीत, म्हणजे एमजीटी-१ मध्ये नोंद करा : वडिलांच्या पानावर ८,००१ वजा, तुमच्या नव्या फोलिओवर तेवढेच जमा, हस्तांतराची तारीख आणि ठरावाची तारीख दोन्ही. फॉर्म मिळाल्यापासून एका महिन्यात नवी सर्टिफिकेटं द्यावी लागतात, तुमचं ८,००१ चं आणि वडिलांचं ३,९९९ चं. जुनं सर्टिफिकेट ‘रद्द’ शिक्का मारून फाईलला लावा.

हस्तांतरासाठी कंपनी निबंधकाकडे, म्हणजे आरओसीकडे वेगळा फॉर्म नाही, म्हणून पुष्कळ कंपन्या नोंदवही ‘सवडीने’ लिहितात. पण वर्षाच्या विवरणात, तुमच्या बाबतीत एमजीटी-७ए मध्ये, हे हस्तांतर तारखेसह दाखवावं लागतं. विवरण भरलं आणि नोंदवही कोरी राहिली, तर वाद झाल्यावर न्यायालय आधी नोंदवहीच मागतं.

हे सगळं करण्याआधी बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं मंजुरीपत्र उघडून बघा. भागधारणा बदलण्यापूर्वी बँकेची लेखी संमती घ्यावी, अशी अट त्यात हमखास असते. संमती मागताना वडिलांच्या वैयक्तिक हमीचाही विषय काढा. शेअर्स तुमच्याकडे आल्याने त्यांची हमी आपोआप सुटत नाही. बँक त्यांना मोकळं करायला तयार असेल, तर त्यांच्याऐवजी तुमची सही मागेल.